पैसे 'पाठवले' आणि पैसे 'येतील'

एप्रिल संपत आला की खान्देशात कूलरच्या तक्रारीला वेगळी धार चढते. जळगाव-भुसावळच्या दुपारी रस्ते ओस पडतात, शहाद्याकडे तापीकाठची हवासुद्धा भाजून काढते. अशा दिवसांत टाकी फुटलेला कूलर परत गेला आणि पैसे अडकले, तर माणसाची खरी अडचण रिफंडच्या पुढची असते. ते पैसे हातात आल्याशिवाय त्याला दुसरा कूलर घेता येत नाही. पैशासाठी चिडलेल्या अशा ग्राहकाच्या मेसेजला कंपनीच्या वतीनं उत्तर लिहिताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. पुढचे सगळे नियम तिथूनच निघतात.

एक तक्रार घेऊ. तारखा 2025 च्या धरल्या आहेत, कारण त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या सुट्ट्या या विषयाचा मासला म्हणून फार बोलक्या आहेत. शहाद्याचा एक ग्राहक 21 एप्रिलला डेबिट कार्डाने 7,490 रुपये भरून कूलर मागवतो. 25 तारखेला कूलर येतो, पण पाणी सोडायच्या बुचाजवळ टाकीला तडा. तो त्याच दिवशी फोटो पाठवतो, कंपनी माफी मागते आणि माल परत घ्यायचं कबूल करते. 29 एप्रिलला कुरियरवाला कूलर उचलतो. त्या दिवशी फोनवर कंपनीचा माणूस म्हणतो, "दोन दिवसांत पैसे येतील." कूलर भिवंडीच्या गोदामात शनिवारी 3 मे रोजी पोचतो, सोमवारी तपासला जातो, मंगळवारी 6 मे रोजी रिफंड सुटतो. आणि बुधवारी 7 तारखेला जळगावच्या ऑफिसात मेसेज येऊन पडतो:

"पंधरा दिवस झाले पैसे भरून. फुटका कूलर पाठवला, परत नेला, पैशाचा पत्ता नाही. घरात लहान लेकरू आहे. तुमचा माणूस दोन दिवस बोलला होता. चोर आहात का तुम्ही? मन्हा पैसा कव्हय देशात?"

शेवटचं वाक्य अहिराणीत आहे, आणि ते बारकाईनं वाचण्यासारखं आहे. मेसेज प्रमाण मराठीत सुरू झाला, राग चढत गेला तशी घरची बोली वर आली. उत्तर देणाऱ्याला अहिराणी कळली पाहिजे, पण उत्तर अहिराणीत देऊ नये. ओळखीच्या काउंटरवर ती गोड लागते. रागावलेल्या माणसाला लेखी अहिराणीत उत्तर गेलं तर आपल्याला चिडवतायत असं त्याला वाटतं. तीच गोष्ट 'भाऊ', 'आबा', 'नाना' यांची. दुकानात समोरासमोर ही हाक सहज तोंडात येते आणि शोभतेही. पैसे अडकलेल्या माणसाला 'दादा, टेन्शन नका घेऊ' असं लिहिलं की ते लोणी लावल्यासारखं दिसतं. साधा 'नमस्कार' पुरे.

उत्तर लिहायला बसण्याआधी एक काम असतं, ते बहुतेक जण वगळतात. रिफंड 'मंजूर' झाला आहे की 'पाठवला' आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवी खूण दिसते ती पुष्कळदा मंजुरीची असते. पैसे प्रत्यक्षात पेमेंट गेटवेमार्फत, म्हणजे ऑनलाइन पैशांची देवघेव करून देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत जातात, आणि गेटवेकडे आपल्या कंपनीची जी शिल्लक जमा असते तिच्यातून तो ते सोडतो. शिलक कमी असली तर रिफंड पेंडिंग पडून राहतो. इकडे ऑफिसातला माणूस मोठ्या विश्वासानं 'पैसे पाठवले आहेत' असं लिहून बसतो. ते वाक्य खोटं ठरलं की पुढची सगळी खरी वाक्यंही खोटी वाटायला लागतात. म्हणून गेटवेच्या स्क्रीनवर रक्कम, तारीख आणि स्थिती या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पेन उचलू नये.

आता माफी. मराठीत माफीचे शब्द भरपूर आहेत आणि ते एकसारखे नाहीत. 'क्षमस्व' हा दुकान बंद असल्याच्या पाटीवरचा शब्द झालाय. 'दिलगीर आहोत' सरकारी पत्रातला. 'गैरसोयीबद्दल खेद आहे' हे रेल्वेच्या भोंग्यावर इतकं ऐकलंय की कानाला ते आता शब्द म्हणून लागतच नाही. रागावलेल्या माणसापर्यंत पोचतं ते 'माफी मागतो'. त्यात कर्ता असतो, क्रिया असते, आणि ती कशाबद्दल हे सांगणं भाग पडतं. 'चूक झाली' असं लिहिलं की चूक आपोआप झाल्यासारखी वाटते, जणू झाडावरून आंबा पडला. 'आमच्याकडून चूक झाली' त्यापेक्षा बरं. सगळ्यात बरं म्हणजे चुकीचं नाव घेणं: कोणत्या तारखेला, कोणी, काय चुकीचं सांगितलं.

आणि ती एकदाच. यामागे शिष्टाचारापेक्षा व्यवहार जास्त आहे. सुरुवातीला माफी, मध्ये 'पुन्हा एकदा क्षमा असावी', शेवटी 'झालेल्या त्रासाबद्दल मनःपूर्वक दिलगिरी' असं पत्र वाचताना ग्राहक माफ्या ओलांडत पैशाची ओळ शोधत असतो. शिवाय दुसऱ्या माफीपाशी संशय सुरू होतो: हे इतके वाकतायत म्हणजे पैसे मिळणार नाहीत की काय? आपल्याकडे उधारी बुडवणारा माणूसच सर्वात जास्त हात जोडतो, हा अनुभव घराघरांत आहे.

'एकदाच' याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. एका चुकीला एक माफी. टाकीच्या तड्याबद्दल 25 एप्रिलला माफी मागून झाली आहे, ती 7 मे रोजी पुन्हा उगाळायची नाही. 7 मेला माफी मागायची आहे ती 'दोन दिवसांत' या शब्दांबद्दल, कारण ती चूक त्यानंतर घडली आणि तिचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही. उद्या आणखी नवी चूक झाली तर तिची नवी माफी. जुन्या चुकीबद्दल ग्राहकानं दहा मेसेज केले तरी दहा माफ्या नाहीत. दहाव्या उत्तरातही नवी माहितीच जायला हवी.

माफीला लागून येणारे दोन शब्द तिला पोकळ करतात. पहिला 'तर': 'आपल्याला त्रास झाला असेल तर'. लेकरू उकाड्यात रडतंय आणि कंपनी त्रास झाला का, हेच अजून ठरवतेय. दुसरा 'पण': 'माफी मागतो, पण कूलर गोदामात उशिरा पोचला'. 'पण'नंतरचं वाक्य खरं असू शकतं आणि ते सांगायलाही हवं, फक्त ते माफीच्या आधी सांगावं. आधी कारण, मग माफी, मग पूर्णविराम. क्रम एवढा बदलला की तीच माहिती सबब न वाटता हिशोब वाटते.

या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान आश्वासनं करतात, आणि ती ओळखायची खूण मराठीच्या क्रियापदातच आहे. 'पैसे पाठवले' या वाक्याचा कर्ता कंपनी आहे. 'पैसे जमा होतील', 'पैसे येतील', 'रक्कम दिसेल' यांचा कर्ता वरवर पैसा असला तरी ते काम बँकेचं आहे. 29 एप्रिलला फोनवरच्या माणसानं 'येतील' म्हटलं आणि बँकेच्या वतीनं, कुरियरच्या वतीनं, गोदामातल्या तपासनिसाच्या वतीनं वचन देऊन टाकलं. यांपैकी एकही त्याचं ऐकत नव्हता. शिवाय 29 पासून दोन दिवस म्हणजे 1 मे, महाराष्ट्र दिन, बँका बंद. त्या वचनाला जन्मतःच श्वास नव्हता.

म्हणून उत्तर लिहून झालं की भविष्यकाळातलं प्रत्येक क्रियापद बोटानं दाखवून विचारावं: हे करणारा आमच्या पगारपत्रकावर आहे का? 'पाठवू', 'फोन करू', 'कळवू', 'तपासू' ही आपली क्रियापदं, ती तारखेसह द्यावीत. 'जमा होईल', 'पोचेल', 'मान्य होईल' ही दुसऱ्याची. ती काढता येत नसतील तर कोणाची आहेत ते स्पष्ट लिहावं आणि 'होईल'च्या जागी 'व्हायला हवं' ठेवावं. शब्द एवढासाच, पण 'दिसतील' ही हमी आहे आणि 'दिसायला हवेत' हा अंदाज. वाचणाऱ्यालाही हा फरक बरोबर कळतो.

आता दिवस मोजू. कार्डावरचा रिफंड खात्यात दिसायला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात. ऑफिसात सवयीनं 'पाच ते सात दिवस' असंच लिहिलं जातं आणि तिथे दोन घोटाळे एकदम होतात. एक, ग्राहकाच्या कानात फक्त 'पाच' राहतो. दोन, 'कामाचे' हा शब्द गळतो. 6 मेपासून साधे सात दिवस धरले तर 13 मे येते. कामाचे दिवस धरले तर 7, 8 आणि 9 मे हे तीन झाले. 10 तारखेला दुसरा शनिवार, 11 ला रविवार, 12 ला बुद्ध पौर्णिमा, तिन्ही दिवस बँका बंद. मग 13, 14, 15, आणि सातवा दिवस शुक्रवार 16 मे. 'सात दिवस' लिहिणाऱ्यानं तीन दिवसांचा खड्डा खणून ठेवला, आणि 14 तारखेच्या सकाळी ग्राहक त्यात पडून पुन्हा ओरडणार. या वेळी त्याच्याकडे लेखी पुरावाही असेल. त्यामुळे दिवसांची संख्या लिहूच नये. कॅलेंडर समोर ठेवून लांबची तारीख काढावी आणि वारासकट तीच एक लिहावी.

मराठीत आणखी एक फसवा शब्द आहे: 'परवा'. तो मागेही जातो आणि पुढेही. पूर्ण वाक्यात क्रियापद सांभाळून घेतं, पण घाईत लिहिलेल्या 'रिफंड परवा' या मेसेजमधून पैसे गेले की जाणार, हे कोणाला कळणार? 'आपण'चंही तसंच. आदरानं ग्राहकाला 'आपण' म्हणावं, तर 'आपण 6 तारखेला पैसे पाठवले आहेत' या वाक्यात पाठवणारा कोण? पैशाच्या पत्रव्यवहारात 'तुम्ही' आणि 'आम्ही' यांनीच काम करावं. 'तुम्ही'त आदर कमी नाही. ग्राहक रागात 'तू'वर उतरला तरी आपलं 'तुम्ही' जागचं हलू नये.

मग 7 मेचं उत्तर असं होतं:

"नमस्कार,

तुमच्या कूलरचे 7,490 रुपये आम्ही काल, मंगळवार 6 मे रोजी तुमच्या डेबिट कार्डावर परत पाठवले आहेत. रक्कम पूर्ण आहे, काहीही कापलेलं नाही.

कूलर गोदामात पोचून तपासला गेल्यावरच आम्ही पैसे सोडतो. हे 29 एप्रिलला फोनवर तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी आमच्या माणसानं दोन दिवसांची मुदत सांगितली, ती चुकीची होती. उन्हाळ्यात कूलरचे पैसे अडकले की दुसरा घेता येत नाही, हे आम्हाला कळतं. चुकीची मुदत सांगितल्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.

इथून पुढचा वेळ बँकेचा आहे आणि तो आम्हाला कमी करता येत नाही. 10, 11 आणि 12 मे रोजी बँका बंद आहेत, ते धरून पैसे शुक्रवार 16 मेपर्यंत खात्यात दिसायला हवेत.

या व्यवहाराचा एआरएन, म्हणजे तुमच्या बँकेला ही नोंद शोधता येईल असा क्रमांक, आम्ही शुक्रवार 9 मे रोजी संध्याकाळी 6 पर्यंत तुम्हाला पाठवू. तोपर्यंत तो आम्हाला मिळाला नाही, तर तसं सांगणारा मेसेज त्याच वेळी पाठवू."

खाली तक्रार क्रमांक, उत्तर देणाऱ्याचं नाव आणि सरळ लागणारा फोन नंबर.

यात 'चोर' या शब्दाला उत्तर नाही, हे पाहण्यासारखं आहे. त्याला उत्तर द्यायला गेलं की पत्र कंपनीच्या अब्रूबद्दल होतं, ग्राहकाच्या पैशाबद्दल राहत नाही. 'शांत व्हा', 'संयम ठेवा', 'समजून घ्याल ही अपेक्षा' हेही नाही. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होतं ते सांगायला नको. 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे' नाही, कारण शहाद्यात बसलेल्या माणसासाठी उत्तर देणाराच विभाग असतो. आणि दोनशे रुपयांचं कूपन नाही. जुने पैसे परत मागणाऱ्याला पुढच्या खरेदीवर सवलत देणं हे, माझ्या मते, सभ्य भाषेतलं डिवचणं आहे.

शेवटच्या वचनाची घडण जरा जवळून बघू. एआरएन हा 23 आकडी क्रमांक. कार्डाचा रिफंड बँकांच्या साखळीतून पुढे गेला की तो मिळतो, आणि ग्राहकाच्या बँकेला तो दाखवला तर तिला ती नोंद शोधता येते. हा क्रमांक कधी मिळेल हे पूर्णपणे कंपनीच्या हातात नाही. म्हणून वचन क्रमांकाचं नाही, शुक्रवारी सहाला मेसेज जाण्याचं आहे. क्रमांक आला तर तो जाईल, नाही आला तर 'अजून आला नाही' हे जाईल. दोन्ही बाजूंनी ते पाळता येतं. पाळता येणारं वचन असंच बांधावं लागतं: निकालाचं न देता आपल्या पुढच्या हालचालीचं द्यायचं, दिवस आणि वेळ ठरवून. यूपीआयने पैसे भरले असतील तर एआरएनच्या जागी 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. ग्राहकाला नीट सांगावं की कोणता, नाहीतर तो बँकेत जाऊन भलताच आकडा दाखवतो आणि कारकून त्याला रिकाम्या हातानं परत पाठवतो.

शुक्रवारी क्रमांक आला नाही असं धरू. मेसेज असा: "एआरएन अजून आमच्याकडे आलेला नाही. आज दुपारी आम्ही गेटवेकडे पुन्हा चौकशी केली. रिफंड 6 मे रोजी सुटल्याची नोंद सोबत जोडली आहे. पुढचा मेसेज मंगळवार 13 मे, संध्याकाळी 6 पर्यंत." माफी नाही, कारण चूक नाही. हाच मेसेज शुक्रवारी पाठवायचा राहून गेला असता, तर शनिवारी सकाळी पहिलं वाक्य त्या चुकीच्या माफीचं असतं.

कधी ग्राहक लिहितो, "ग्राहक मंचात जाईन." 2019 च्या कायद्यानंतर मंचाचं नाव आयोग झालं, लोक अजून मंचच म्हणतात, आणि तिथे उत्तर देणाऱ्यानं त्यांचा शब्द सुधारत बसू नये. धमकी समजून कठोर व्हायचं नाही आणि घाबरून नवी तारीखही द्यायची नाही. घाबरून दिलेली तारीख हमखास दुसऱ्याच्या क्रियापदाची असते. "तो तुमचा हक्क आहे, तक्रार क्रमांक खाली दिला आहे" एवढं बास. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. ही मुदत कंपनीनं स्वतःच्या वहीत जपायची आहे, ग्राहकाच्या तोंडावर 'आमच्याकडे अजून महिना आहे' म्हणून फेकायची नाही.

रिफंड नाकारायचा असेल तेव्हा सूर थोडा बदलतो. टाकी ग्राहकाच्याच हातून पडून फुटली, हे फोटोवरून सिद्ध आहे, तर तिथे माफी नसते, कारण कंपनीनं चूक केलेली नाही. पहिल्याच वाक्यात 'पैसे परत करता येणार नाहीत', दुसऱ्यात नेमकं कारण, तिसऱ्यात जे खरोखर करता येईल ते: टाकी बदलून मिळते का, कितीला. 'प्रयत्न करतो', 'वर बोलून बघतो' असं म्हणून नकार लांबवला तर तो आठवड्यानं तिथेच येतो, फक्त दुप्पट राग घेऊन.

16 मेच्या संध्याकाळी काम संपत नाही. तोवर एआरएन हाती असेल, तर शनिवारी 17 तारखेला ग्राहकानं विचारायच्या आधी आपणच विचारावं. तिसरा शनिवार, बँका सुरू. पैसे दिसले नसतील तर क्रमांक घेऊन शाखेत काय विचारायचं ते वाक्य तयार करून द्यावं: "6 मेच्या या एआरएनची जमा नोंद माझ्या खात्यावर आहे का?" पैसे दिसले असतील तर एवढंच: "7,490 रुपये जमा झाल्याचं तुम्ही कळवलंत. तक्रार आज बंद करत आहोत." खाली 'पुन्हा सेवेची संधी द्या' लिहायचा हात आवरावा.